तुझ्या अर्जातलं एकेक वाक्य

चि. भाचीस,


मुलाखतीचं बोलावणं आल्याचं ताईने फोनवर सांगितलं आणि संध्याकाळी तू पाठवलेलं स्टेटमेंटही मिळालं. मुलाखतीत विचारतात त्या प्रश्नांची यादी तू मागितली आहेस. अशी यादी माझ्याकडे नाही. पाणलोटाच्या कामात इतकी वर्षं काढल्यामुळे अधूनमधून मला बाहेरचा माणूस म्हणून अशा मुलाखतींना बसवतात, तेव्हा तिथे काय चालतं ते सांगतो. समोर दोघं-तिघं असतात, प्रत्येकापुढे तुझ्या अर्जाची प्रत असते आणि वेळ वीसेक मिनिटांचा. त्यातल्या एकाने तरी आदल्या रात्री तुझ्या तीन-चार वाक्यांखाली पेन्सिलीची रेघ मारलेली असते. प्रश्न तिथूनच निघतात. टिस असो, आणंदची इर्मा असो की बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, प्रत्येकाची निवडीची रीत वेगळी आणि ती वर्षागणिक बदलते, म्हणून त्यांची यंदाची सूचना नीट वाच. पण विकासाच्या अभ्यासक्रमाला आलेल्या मुलीने ‘मी पाणलोटाचं काम केलं’ असं लिहिलं असेल, तर ‘म्हणजे नेमकं काय केलं?’ हा प्रश्न कुठेही चुकणार नाही.

अर्ज गेला आहे, त्यात आता एक अक्षरही बदलता येणार नाही. म्हणून आधी जो पाठवलास तोच मजकूर छापून घे. कॉम्प्युटरवर पाच-सहा खर्डे पडलेले असतात आणि पोरं भलताच खर्डा पाठ करून येतात, हे मी पाहिलंय. सोबत भरलेल्या फॉर्मचीही प्रत काढ. ‘अनुभव : किती महिने’ आणि ‘छंद’ या रकान्यांत काय भरलं होतं ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि नेमकं तेच विचारलं जातं.

मग लाल पेन घेऊन बस. प्रत्येक दाव्यापुढे समासात तीनपैकी एक शब्द लिही : केलं, पाहिलं, ऐकलं. वाचलेलं असेल तेही ऐकलेल्यातच धर. तुझ्या दीड पानात मला अकरा दावे सापडले. त्यातले ‘केलं’ या सदरात बसणारे तीन-चारच आहेत, बाकीचे पाहिलेले नि ऐकलेले. त्यात वाईट काही नाही. बावीस वर्षांच्या मुलीने सगळं स्वतः केलेलं असावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण पाहिलेली गोष्ट केल्यासारखी सांगितली, की तिसऱ्या प्रश्नाला पाय घसरतो.

तुझं सगळ्यात मोठं वाक्य मराठीत मांडून घेऊ. तू लिहिलंस : ‘राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी पाणलोट विकासाच्या कामात सक्रिय सहभाग घेतला व गावाचा पाणीप्रश्न सोडवण्यास हातभार लावला.’ शिबिर सात दिवसांचं असतं, हे समोरच्यांना ठाऊक आहे. त्यातला सकाळचा वेळ श्रमदानाचा, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. म्हणजे प्रत्यक्ष खोदकाम किती तास झालं हा हिशेब ते मनातल्या मनात करूनच विचारायला लागतात. तुम्ही डोंगराकडेला सलग समतल चर खोदलेत असं तू मला म्हणाली होतीस. चांगलं आहे. आता त्या चरात खाली उतर.

चर किती रुंद होता, किती खोल? नेहमीचं माप साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असं असतं, तुमचं वेगळं असेल तर तेच सांग. निघालेली माती कुठे टाकली? ती चराच्या खालच्या अंगाला टाकतात, तिचा बांध होतो. वरच्या अंगाला टाकली तर पहिल्याच पावसात सगळी परत चरात. समतल रेषा कशी काढली? ए-फ्रेमने, म्हणजे लाकडी ‘ए’च्या मध्ये ओळंबा लोंबतो त्या चौकटीने, की दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून आत पाणी भरतात त्या साधनाने? की तुम्ही पोचायच्या आधीच कुणीतरी फक्की मारून ठेवली होती आणि तुम्ही नुसते त्या रेघेवर खोदत गेलात? तसं असेल तर तसंच सांग, पण फक्की कुणी मारली आणि कशी, एवढं त्यांना विचारून घे. तुमच्या कार्यक्रम अधिकारी सरांना आज फोन कर, त्यांच्याकडे शिबिराचा अहवाल असतो. जमीन वन विभागाची होती, गायरान होती की कुणाच्या खासगी मालकीची, हेही त्यांनाच विचार. तो प्रश्न हमखास येतो, कारण जमीन कुणाची यावर पुढे चराची डागडुजी कोण करणार हे ठरतं.

आता हिशेब. साठ गुणिले तीस सेंटिमीटरच्या चरात एका मीटर लांबीला 0.18 घनमीटर, म्हणजे 180 लिटर पाणी मावतं. तुमच्या गटाने 250 मीटर चर खोदला असं तू सांगितलंस. तो काठोकाठ भरला तर 45,000 लिटर. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. पावसाळ्यात तो पाच वेळा भरला असं धरू, आपल्या पारनेरच्या पर्जन्यछायेत हे जरा सैल हातानेच धरलंय. सव्वादोन लाख लिटर झाले. गावाची लोकसंख्या दीड हजार धर आणि जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोजचे 55 लिटर. गावाला दिवसाला 82,500 लिटर लागतात. म्हणजे तुमच्या चरात पावसाळाभर साठलेलं सगळं पाणी, एक थेंबही न उडता विहिरीत उतरलं असतं, तरी गावाला तीन दिवसही पुरलं नसतं. त्यातलं काही उडून जातं, काही मातीतच ओल म्हणून राहतं, आणि खालच्या काळ्या खडकात भेगा कुठे आहेत त्यावर किती झिरपणार ते ठरतं.

हे आकडे तुझं वाक्य खोडण्यासाठी मांडले नाहीत. समोरच्याने ‘पाणीप्रश्न सुटायला हातभार कसा लागला?’ असं विचारलं, तर हा हिशेब तूच पुढे होऊन मांड. म्हण, ‘आमच्या चराने साठवलेलं पाणी गावाच्या गरजेपुढे अगदी थोडं आहे. चराचं खरं काम उतारावरून धावणाऱ्या पाण्याचा वेग तोडायचं, माती धरून ठेवायचं आणि तिथे लावलेल्या रोपांना ओल द्यायचं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पूर्ण उतारावर असे चर झाले आणि खाली नाल्यावर बांध झाले, तरच विहिरींवर फरक दिसतो. मी त्यातला एक छोटा तुकडा खोदला.’ एवढं बोललीस की ‘सक्रिय सहभाग’ हे शब्द त्यांना बोचणार नाहीत. उलट पुढचा प्रश्न तुला हवा तिथून येईल.

आणि मुलाखतीच्या आधी एकदा दाजींची गाडी काढून त्या डोंगरावर जाऊन ये. सोबत टेप ने. चर आता किती खोल उरलाय ते चार-पाच ठिकाणी मोज. तीसचा वीस झाला असेल तर दहा सेंटिमीटर गाळ बसलाय, म्हणजे साठवण तिसऱ्या हिश्शाने घटली. गाळ सगळीकडे सारखा आहे की एका टोकाला ढीग आहे तेही बघ. समतल रेषा चुकली की पाणी खालच्या टोकाकडे धावतं, तिथे साचतं आणि बांध फोडून निघून जातं. फुटलेला बांध, त्याखाली उतारावर पडलेली नवी घळ, आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ कोरा राहिलेला चर असं दिसलं, तर आखणीत चूक होती. ती चूक दिसली तर लपवू नकोस. ‘आमच्या चराचं पूर्वेकडचं टोक फुटलं, कारण आखणी वाकडी झाली होती’ हे सांगणारा उमेदवार मला क्वचितच भेटला आहे. असं वाक्य जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

दुसरं वाक्य हिवरे बाजारचं. ‘हिवरे बाजारच्या अभ्यासदौऱ्यातून मला ग्रामविकासाचं आदर्श मॉडेल समजलं. हे मॉडेल देशभर राबवता येईल.’ इथे दोन दावे आहेत आणि दोन्हीपुढे मी ‘ऐकलं’ लिहिलंय. अभ्यासदौरा म्हणजे एक दिवस, सभागृहात माहिती आणि मग गावफेरी. त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते बाहेर छापून आलेलं आहेच : पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, नव्वदच्या दशकात आदर्श गाव योजनेतून कामं झाली, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री, 2020 ची पद्मश्री. हे सगळं समोरच्यांना तुझ्याआधीपासून माहीत आहे. तेच परत ऐकवलंस तर मान डोलावतील आणि दुसऱ्या विषयाकडे वळतील.

त्यांना खोलात जायचं असेल तर ते पाण्याच्या ताळेबंदावर येतील, कारण हिवरे बाजारची खरी गंमत तिथे आहे. बंधारे पुष्कळ गावांनी बांधले. आलेलं पाणी मोजून त्यावर पिकं ठरवणारी गावं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गावात पर्जन्यमापक आहेत. पावसाळा सरला की किती पडला ते बघून आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. हे तोंडाने सांगणं सोपं आहे, तेव्हा एकदा कागदावर करून बघ. गावाचं क्षेत्र साधारण 977 हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. पाऊस 400 मिलिमीटर धरलास तर सुमारे 39 लाख घनमीटर, म्हणजे 390 कोटी लिटर. आकडा प्रचंड वाटतो. मग स्वतःला विचार, यातलं किती जमिनीत मुरलं, किती वाहून गेलं, किती उडालं, आणि गावाला हे कसं कळतं? विहिरींची पातळी हे त्याचं एक उत्तर. मोजणारा कोण, कधी मोजतो, हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर तुला दौऱ्यात मिळालं नसेल तर हिवरे बाजार नगर तालुक्यातच आहे, पारनेरहून सकाळी निघून दुपारी परत येता येतं. या वेळी सभागृहात बसू नकोस. विहिरीवर मोटार चालू असलेल्या एखाद्या शेतकऱ्याला गाठ आणि दोनच गोष्टी विचार : बोअर घ्यायला बंदी आहे ती तुम्हाला कधी जाचली का, आणि पाऊस कमी झाला त्या वर्षी तुम्ही काय पेरलं नाही. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहून आण.

आता ‘देशभर राबवता येईल’. हा दावा तू सोडून दे. तो लिहिलेला आहे, खोडता येत नाही, पण बोलताना आकसून घेता येतो. समोरचा विचारेल, ‘मग शेजारच्या गावात का झालं नाही?’ तुझ्याजवळ कारणं हवीत. लहान गाव, तीन दशकांहून जास्त टिकलेलं एक नेतृत्व, उसासारख्या पिकांना नकार द्यायची तयारी, आणि बंदी मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवणं अवघड होईल इतका आतला दाब. यातली कुठली गोष्ट सरकारी आदेशाने आणता येते आणि कुठली येत नाही, यावर पाच मिनिटं बोलता आलं तर मॉडेल हा शब्द वापरायचा तुला हक्क आहे.

त्याच्याही पुढचा एक प्रश्न असतो, जो मी स्वतः विचारतो : ज्याला जमीनच नाही त्याला या पाण्यातून काय मिळालं? मजुरीचे दिवस वाढतात, दूध वाढतं, हे उत्तर बरोबर आहे पण अर्धं. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली, तिचा नियम वेगळा होता. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने द्यायचा नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचा, आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस तिथेही नाही. ही दोन गावं शेजारी ठेवलीस की तुझी तुलाच दिसेल, पाणी वाढवणं आणि पाणी वाटणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुझ्या स्टेटमेंटमध्ये दुसऱ्या प्रश्नाची एकही ओळ नाही, आणि रेघ मारणारा माणूस न लिहिलेल्या ओळीही वाचतो.

न लिहिलेल्यावरून आठवलं. पत्त्यात तू पारनेर तालुका लिहिला आहेस. राळेगणसिद्धीचं नाव तुझ्या अख्ख्या मजकुरात नाही. आपल्याच तालुक्यातलं गाव, 1975 पासून अण्णा हजारेंचं तिथलं काम, आणि तू नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण दिलंस. ‘राळेगण का नाही?’ असं कुणी विचारलं तर दचकू नकोस. तिथे गेली नसशील तर तसं सांग. गेली असशील आणि मुद्दाम टाळलं असेल, तर का टाळलं ते सांग. दोन्ही उत्तरं चालतात. ‘ते पण खूप चांगलं आहे’ हे उत्तर चालत नाही.

पुस्तकाचं वाक्य थोडक्यात. तू लिहिलंस की पी. साईनाथ यांच्या 1996 मध्ये आलेल्या दुष्काळावरच्या पुस्तकातून तुला महाराष्ट्राचा दुष्काळ समजला. बाळा, ते पुस्तक तू संपूर्ण वाचलेलं नाहीस. त्यातले वृत्तांत कालाहंडी, पलामू, सरगुजा, झाबुआ, रामनाड अशा जिल्ह्यांमधले आहेत, म्हणजे त्या वेळच्या ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि तामिळनाडूतले. आणि निम्म्याहून अधिक गोष्टी पावसाबद्दल नाहीतच. शाळा, दवाखाने, सावकार, विस्थापन, गरिबांच्या नावाने आलेल्या योजना असं सगळं आहे त्यात. आठ दिवस हातात आहेत, पुस्तक मिळव आणि निदान एक विभाग पूर्ण वाच. मग विचारलं तर सांग : मी पुस्तकाचा अमुक भाग वाचला आहे, त्यातली अमुक गोष्ट माझ्या तालुक्याशी जुळते, अमुक जुळत नाही. पूर्ण वाचलं असं म्हणू नकोस. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने ते पुस्तक वर्गात शिकवलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

सर्वेक्षणाबद्दल माझी खरी काळजी आहे. ‘मी शंभर कुटुंबांचं सर्वेक्षण करून 72 टक्के शेतकरी ठिबक वापरत असल्याचं दाखवलं.’ तुम्ही पाच जण होतात, म्हणजे तू भरलेले फॉर्म वीसच्या आसपास. ती संख्या तोंडावर असू दे. कुटुंबं कशी निवडली? रस्त्याकडेची, ओळखीची, की मतदार यादीतून? ओळखीच्या बागायतदारांकडेच गेला असाल तर 72 टक्के हा गावाचा आकडा होत नाही, तुमच्या ओळखीचा होतो. शंभरात जिरायतवाले किती होते? ठिबक ‘वापरतात’ म्हणजे शेतात नळ्या आहेत, की या हंगामात त्यातून पाणी दिलं? अनुदानावर आणलेल्या नळ्या गुंडाळून गोठ्याच्या छपरावर ठेवलेल्या तूही पाहिल्या असतील. जुने फॉर्म काढ आणि तू स्वतः भरलेल्यांपैकी दोन घरं निवड. त्या दोन घरांबद्दल तुला सगळं सांगता आलं पाहिजे : विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं, कांदा किती, वाटाणा किती, दूध कुठे घालतात. टक्केवारीवर अडलीस तर त्या दोन घरांवर ये. तिथे तुला कुणी अडवू शकणार नाही.

एखादा शब्द जास्तीचा पडला आहे असं लाल पेनाने दिसलं, तर मुलाखतीत तो आपणहून दुरुस्त करायला हरकत नाही. ‘अर्जात मी नेतृत्व केलं असं लिहिलंय, प्रत्यक्षात आमच्या गटाच्या जेवणाची आणि हत्यारांची व्यवस्था माझ्याकडे होती’ असं सरळ सांग. मग ती व्यवस्था कशी केलीस ते सांग : पन्नास जणांना टिकाव-फावडी किती मिळाली, किती जण हात बांधून उभे राहिले, मग पाळ्या कशा लावल्या. त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते सगळं तुझं आहे. फक्त दुरुस्ती एकदाच कर. प्रत्येक उत्तराआधी माफी मागत बसलीस तर ऐकणारा कंटाळतो.

भाषेचं म्हणशील, तर तुझं इंग्रजी पुरेल. अडचण वेगळीच होते. चर, नाला, गायरान, आवर्तन हे शब्द तू मराठीत जगलेली आहेस आणि स्टेटमेंट इंग्रजीत लिहिलंस, तेव्हा तिथे पुस्तकी शब्द आले. तू लिहिलेला प्रत्येक इंग्रजी शब्द ताईला मराठीत समजावून सांग. दाजींना सांगितलंस तर आणखी बरं. ते कांद्याला पाणी देणारे माणूस आहेत, ‘म्हणजे काय?’ असं तीनदा विचारतील. ज्या शब्दापाशी तू त्यांच्यापुढे अडखळशील तो शब्द तुला अजून नीट कळलेला नाही असं समज आणि वहीत टिपून ठेव. मुलाखतीत इंग्रजी शब्द आठवेना झाला तर मराठी शब्द उच्चारून त्याचं वर्णन कर. ‘आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवसांनी पाणी सोडतात ते’ असं म्हटलं तरी चालतं.

‘आमचंच विद्यापीठ का?’ याची तयारी एका संध्याकाळची आहे. अभ्यासक्रमाचा आराखडा वाच, त्यातले दोन विषय निवड आणि वर सांगितलेल्या कुठल्या प्रश्नासाठी ते हवेत एवढं ठरव. पाणी वाटण्याचा प्रश्न घेऊन गेलीस तर विषय आपोआप सापडतील. ‘शिकून गावात परत येईन’ हे मात्र नीट तपास. गावात येऊन कुठल्या संस्थेत, कुठल्या पगारावर, काय करणार, असं विचारतात. ठरलं नसेल तर ठरलं नाही म्हण.

डोंगरावरून आलीस की चराची मापं आणि दोन घरांची टिपणं मला पाठव. रविवारी दुपारी फोनवर तासभर बसू. मी तुझ्या वाक्यांवर रेघा मारून ठेवल्या आहेत, कुठल्या ते आत्ता सांगत नाही.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा